खांबाच्या मध्यावर बांधलेली चेनपुली

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर भागातल्या कारखान्यांत शेडच्या आत लोखंडी माळा टाकलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. खाली मशिन, वर कच्चा माल, आणि माळ्याचा भार पेलायला पाइपचे खांब. एखादं जड मशिन जागेवरून सरकवायचं असलं की चेनपुली अडकवायला काहीतरी भक्कम लागतं, आणि हाताशी असतो तो खांब. साखळी सोयीच्या उंचीवर, म्हणजे साधारण खांबाच्या मध्यावर गुंडाळली जाते. वर एवढं वजन पेलणारा खांब ही ओढ सहज सोसेल, असं कुणालाही वाटेल. पण वरच्या वजनामुळेच ती ओढ त्याला जास्त जड जाते. किती जास्त, ते एक उदाहरण घेऊन बघू.

खांब चार इंची बी क्लास पाइपचा आहे असं धरू. बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर, जाडी ४.५ मिलिमीटर, उंची ४ मीटर. खाली पातळ बेसप्लेट, वर बोल्टने जोडलेला बीम. असे जोड खांबाला वाकताना फारसं अडवत नाहीत, म्हणून हिशेबात दोन्ही टोकं बिजागरीसारखी धरतात. टोकं बाजूला सरकत नाहीत, फक्त फिरू शकतात. माळ्यावरून येणारा भार १४.७५ टन. या पाइपला तो जरा जास्तच आहे, पण माळ्यावर सामान वाढत जातं तेव्हा असंच होतं. आणि चेनपुलीची आडवी ओढ ३०० किलो, बरोबर मध्यावर.

आधी वरचं वजन विसरून जाऊ. दोन टोकांवर टेकलेल्या L लांबीच्या दांड्याच्या मध्यावर Q एवढा भार असेल, तर मध्यावरचा बेंडिंग मोमेंट, म्हणजे दांडा वाकवणारा जोर, QL/4 येतो. इथे ३०० गुणिले ४ भागिले ४, म्हणजे ३०० किलोग्रॅम-मीटर. या मोमेंटने खांब मध्यावर सुमारे ८.४ मिलिमीटर बाजूला झुकतो. डोळ्याला हे जाणवणारही नाही.

आता वरचं वजन परत आणू. वजनाची रेषा वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरळ जाते, पण खांबाचा मध्य त्या रेषेपासून ८.४ मिलिमीटर दूर गेलेला आहे. तेवढ्या अंतरावरून १४.७५ टन खांबाला आणखी वाकवू लागतात. १४,७५० किलो गुणिले ०.००८४ मीटर म्हणजे जवळपास १२४ किलोग्रॅम-मीटरचा नवा मोमेंट. आडवी ओढ एका किलोनेही वाढलेली नाही, तरी मोमेंट वाढला. नव्या मोमेंटने खांब अजून झुकतो, झुकला की अंतर वाढतं, अंतर वाढलं की मोमेंट पुन्हा वाढतो.

ही साखळी कुठे थांबते हे ठरवणारा आकडा म्हणजे खांबाचा ऑयलर भार. लेओनार्ड ऑयलरने १७४४ मध्ये सरळ, सडपातळ खांब नुसत्या उभ्या वजनाने कधी वाकून जातो याचं गणित मांडलं. आपल्या पाइपसाठी हा भार सुमारे २९.५ टन येतो. प्रत्येक फेरीतली नवी झुक ही आधीच्या झुकीला प्रत्यक्ष भार आणि ऑयलर भार यांच्या गुणोत्तराने गुणल्याएवढी असते. आपलं गुणोत्तर निम्मं आहे. म्हणून आधी ८.४, मग ४.२, मग २.१, असं होत सगळ्याची बेरीज दुपटीला, म्हणजे १६.८ मिलिमीटरला पोचते. ही किंचित अंदाजी पद्धत आहे, कारण प्रत्येक फेरीत वाकण्याचा आकार थोडा बदलतो. नेमकं समीकरण सोडवलं तर १६.६ येतात. फरक नगण्य आहे.

मोमेंटचं नेमकं सूत्र असं:

```
M = (QL/4) × tan(u)/u
u = (π/2) × √(P/Pe)
```

P म्हणजे खांबावरचा उभा भार, Pe म्हणजे ऑयलर भार, आणि u रेडियनमध्ये. आपल्या खांबासाठी tan(u)/u ची किंमत १.८२ येते. म्हणजे ३०० चे ५४५ किलोग्रॅम-मीटर झाले. झुक जवळपास दुप्पट झाली, पण मोमेंट १.८२ पटच, कारण मूळ ३०० तसेच राहतात आणि झुकीमुळे आलेल्या मोमेंटची त्यात भर पडते. पडताळा सोपा आहे: १४,७५० किलो गुणिले ०.०१६६ मीटर म्हणजे २४५, आणि त्यात मूळचे ३००.

आता पाइपच्या धातूवर काय येतं ते पाहू. नुसत्या उभ्या वजनाने दाब ९३ मेगापास्कल. साध्या हिशेबातला ३०० चा मोमेंट त्यात ७२ ची भर घालतो, एकूण १६५. पाइप वायएसटी २१० ग्रेडचा असेल, म्हणजे धातू कायमचा वाकू लागण्याची, यील्डची, मर्यादा २१० मेगापास्कल असेल, तर कागदावर तो वाचलेला दिसतो. खऱ्या मोमेंटने मात्र ७२ च्या जागी १३० येतात आणि बेरीज २२४ होते. ज्या बाजूला ओढलं त्याच्या उलट बाजूची कड मर्यादा ओलांडते. वाकलेल्या खांबात दाब याच आतल्या कडेला सर्वांत जास्त असतो. तिथून पुढे धातूचा ताठपणा कमी होतो आणि वरचं सूत्रही लागू राहत नाही. प्रत्यक्षातली झुक त्याहून जास्तच असते.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी अशी आहे. वरचं वजन तेवढंच ठेवून ओढ दुप्पट केली, तर मोमेंट बरोबर दुप्पट होतो. पण ओढ तीच ठेवून माळ्यावरचं वजन वाढवलं, तर मोमेंट त्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतो. १४.७५ टनांचे २० टन केले, म्हणजे वजन साधारण एक तृतीयांशाने वाढलं, तर स्थितिस्थापक हिशेबाने मोमेंट ५४५ वरून ८१६ वर जातो, जवळपास दीडपट. म्हणून उभ्या भाराचं आणि आडव्या भाराचं गणित वेगवेगळं करून शेवटी मिळवणं इथे चालत नाही. पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० या भारतीय मानकाच्या १९८४ च्या आवृत्तीत मोमेंटच्या पदाखाली अशा वाढीचा छेद दिलेला होता, तो याचसाठी.

संगणकावर डिझाइन करणाऱ्यांकडून हा परिणाम सहज निसटतो. झुकीमुळे वाढणारा मोमेंट धरणारा पी-डेल्टाचा पर्याय निवडलेला असतो, पण खांब एकाच सलग मेंबरचा असतो, म्हणजे त्याला नोड, हिशेबाचे जोडबिंदू, फक्त दोन टोकांना असतात. दोन्ही टोकं जागेवर आहेत, त्यामुळे नोडच्या सरकण्यावर चालणाऱ्या पद्धतीला वाढवण्यासारखं काही सापडतच नाही. मेंबरच्या आतली झुक वेगळी धरावी लागते, नाहीतर मध्यावर नोड देऊन त्याचे तुकडे करावे लागतात. ओळखायची खूण अशी: उभा भार असूनही मध्यावर बरोबर QL/4 छापून आला, तर वाढ धरलेलीच नाही.

शॉपमधला उपाय त्याहून सोपा आहे. साखळी मध्यावर न बांधता जमिनीपासून फूटभर, म्हणजे ३०० मिलिमीटर उंचीवर बांधा. तेच १४.७५ टन, तीच ३०० किलोची ओढ, पण वाढ धरूनही खांबातला सर्वांत मोठा मोमेंट ११३ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास राहतो आणि दाब १२० मेगापास्कलवर थांबतो. मशिन सरकवायला ओढ खालूनच लागते, त्यामुळे कामही अडत नाही.