संस्थेच्या दस्तऐवजातील अवमानकारक शब्दांची दुरुस्ती

वार्षिक अहवाल, माहितीपत्रक, प्रवेश अर्ज किंवा नियमावली छापायला जाण्यापूर्वी मुद्रितशोधन करताना त्यातील कालबाह्य, अवमानकारक किंवा नकळत दुजाभाव करणारे शब्द बदलण्याचे काम. ऱ्हस्व-दीर्घाची चूक मुद्रितशोधक स्वतःच सुधारतो. हे शब्द मात्र लेखकाला विचारूनच बदलावे लागतात, कारण शब्दाबरोबर पुष्कळदा विधानही बदलते.

ठाण्यात हे काम सर्वांत जास्त लागते ते मानसिक आजाराविषयीच्या मजकुरात. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासूनचे आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा त्यामुळेच मराठीत रूढ झाला आणि शहराच्या नावालाच शिवीची धार आली. रुग्णालयातून बरे होऊन घरी परतलेल्या माणसाला हे शब्द शेजारीपाजारी ऐकावे लागतातच. ते एखाद्या संस्थेच्या अहवालातही भेटावेत, ही गोष्ट क्लेशकारक आहे. कायद्याची भाषा तर केव्हाच पुढे गेली. 1912 च्या कायद्याच्या इंग्रजी नावातच ‘ल्युनसी’, म्हणजे वेड, हा शब्द होता. 1987 च्या कायद्याच्या नावात त्याची जागा मानसिक आरोग्याने घेतली आणि सध्याचा कायदा 2017 चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम आहे.

उदाहरणादाखल निराधार स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या अहवालात असे वाक्य आहे असे धरू: ‘यंदा 14 वेड्या व मतिमंद महिलांना मनोरुग्णालयातून आणून आश्रय दिला.’ इथे ‘वेड्या’ खोडून ‘मनोरुग्ण’ लिहिले की काम झाले असे वाटते, पण तसे नाही. मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता या दोन वेगळ्या स्थिती आहेत. 2017 च्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक वाढ अपुरी राहण्याची स्थिती स्पष्टपणे वगळली आहे. त्यामुळे समासात पहिला प्रश्न लिहावा लागतो: 14 पैकी कोणत्या गटात किती? दुसरा प्रश्न असा, की मानसिक आजार असलेल्या स्त्रिया अजून उपचार घेत आहेत की बऱ्या झाल्या आहेत? बऱ्या झालेल्या बाईला ‘मनोरुग्ण’ म्हणणे सभ्य वाटले तरी खोटे आहे. तिसरा प्रश्न क्रियापदाचा. ‘आणून आश्रय दिला’ यात त्या बायकांची इच्छा कुठेच दिसत नाही. लेखकाने उत्तरे दिली की वाक्य असे होऊ शकते: ‘यंदा 14 महिला संस्थेच्या निवासात राहायला आल्या. त्यांपैकी 9 जणी मानसिक आजारातून बऱ्या झालेल्या असून 5 जणींना बौद्धिक अक्षमता आहे.’ त्या स्वतःच्या संमतीने आल्या नसतील, तर मात्र ‘राहायला आल्या’ असेही लिहू नये.

असे शब्द शोधून काढणे मराठीत इंग्रजीपेक्षा अवघड जाते, कारण शब्द विभक्तीत रूप बदलतो. ‘वेडा’ शोधला तर ‘वेड्यांचे’ सापडत नाही. म्हणून ‘वेड’, ‘बहि’, ‘लंगड’, ‘पांगळ’ असे तुकडे शोधायचे. ‘बहिऱ्या’मधला ऱ्य तर दोन प्रकारे टंकता येतो: एक नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाच्या शोधात दुसरा निसटतो. जुना मजकूर युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये असेल, तर आधी तो रूपांतरित केल्याशिवाय शोध चालतच नाही.

एका फटक्यात सगळीकडे बदल करणे धोक्याचे. ‘अपंग’च्या जागी सरसकट ‘दिव्यांग’ घातले, तर 1995 च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याचे नाव बदलून अस्तित्वात नसलेला कायदा छापला जातो. शिवाय ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी व्यवहारात रूढ असला तरी अपंगत्व असलेल्या अनेकांना तो नको आहे. आपल्या शरीरात दिव्य काही नाही, हक्क हवेत, असे ते सांगतात. ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांना विचारणे हाच इथे योग्य मार्ग. ‘मूकबधिर’ शब्दाचेही तसेच आहे. कर्णबधिर व्यक्ती खुणांच्या भाषेत बोलतात, म्हणून ‘मूक’ त्यांना खटकतो. मजकुरात ‘कर्णबधिर’ लिहावे, पण शाळेच्या नोंदणीकृत नावात ‘मूकबधिर’ असेल तर ते तसेच ठेवावे लागते. विश्वस्त संस्थेचे नाव बदलायचे तर धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज लागतो. ते मुद्रितशोधकाचे काम नव्हे.

अर्जांतील ‘अर्जदाराने आपल्या पत्नीचे नाव लिहावे’ यासारखी वाक्ये ‘पती किंवा पत्नीचे’ एवढ्या बदलाने सुधारतात.

याउलट नवी मुंबईत एक शब्द बाहेरच्या मुद्रितशोधकाकडून हमखास चुकीने बदलला जातो: ‘प्रकल्पग्रस्त’. त्यातला ‘ग्रस्त’ केविलवाणा वाटून तिथे ‘स्थानिक रहिवासी’ किंवा ‘मूळ गावकरी’ घातले जाते. पण हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी शासनाने ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांची ही कायदेशीर ओळख आहे. घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेतील भूखंड याच ओळखीवर मिळतो आणि आंदोलनाच्या फलकांवर लोक स्वतः हाच शब्द लिहितात. तो हटवला तर कागदावरून त्यांचा दावाच पुसला जातो.