एअरबॅग उघडल्या नाहीत, तरी दिवा का विझत नाही?

पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला आणि मागची हॅचबॅक त्याच्या बंपरखाली घुसली. वेग फार नव्हता. बॉनेट दुमडलं, रेडिएटर फुटला, आतली दोन्ही माणसं मात्र खरचटण्यावर निभावली. एअरबॅग उघडल्याच नाहीत. डेंटिंग-पेंटिंग होऊन गाडी चकाचक परत येते, पण डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा जळतोच आहे. गॅरेजवाला सांगतो, "साहेब, बॅगा फुटल्याच नाहीत. सेन्सरचा एरर असणार, स्कॅनर लावून उडवून टाकतो." मालकालाही ते पटतं, कारण फुटलेलं काहीच दिसत नाही.

फुटलेलं असतं, पण आत. दोन दारांमधल्या खांबाच्या प्लॅस्टिकखाली सीट बेल्टचं रीळ असतं आणि त्याला प्रीटेन्शनर नावाचा एक छोटा स्फोटक भाग जोडलेला असतो. धडक बसली की त्यातलं रसायन पेटतं, तयार झालेला वायू एका नळीतला दट्ट्या किंवा धातूचे गोळे पुढे ढकलतो आणि त्या धक्क्याने रीळ उलटं फिरतं. साधारण दहा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, बेल्ट काही सेंटिमीटर आत खेचला जातो. जाड शर्ट, थोडं पुढे सरकून बसायची सवय, यामुळे बेल्ट आणि छाती यांच्यात जी ढील राहते ती एवढ्या वेळात संपते. ती संपली नाही, तर अंग आधी मोकळं पुढे जातं आणि मग बेल्टवर आदळतं.

याच रिळात बहुतेक गाड्यांमध्ये पिळला जाणारा एक दांडा असतो. छातीवरचा ताण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की तो दांडा पिळत जातो आणि बेल्ट थोडा थोडा सोडतो, म्हणजे बेल्टनेच बरगड्या मोडू नयेत. पिळलेला दांडा परत सरळ होत नाही आणि जळलेलं रसायन परत भरता येत नाही. दिवाळीत वाजून गेलेल्या फटाक्याला पुन्हा वात लावून काय होणार?

मग प्रीटेन्शनर उडाला आणि एअरबॅग का नाही? कारण हे निर्णय वेगवेगळे घेतले जातात. गिअर लिव्हरच्या आसपास, गाडीच्या मधल्या बोगद्यावर कंट्रोल मॉड्यूल बसवलेलं असतं. त्याच्या आतला त्वरणमापक गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय हे सतत मोजत असतो. पहिल्या पंधरा-वीस मिलिसेकंदांतल्या त्या आकड्यांवरून मॉड्यूल ठरवतं की काय उडवायचं. मध्यम धडकेत बेल्ट लावलेल्या माणसाला घट्ट बेल्ट पुरतो. बॅग उगीच उघडली तर तिचाच मार बसायचा. म्हणून पुष्कळ गाड्यांमध्ये प्रीटेन्शनरचा उंबरठा एअरबॅगच्या खाली ठेवलेला असतो. आपल्या हॅचबॅकची धडक त्या दोन उंबरठ्यांच्या मध्ये कुठेतरी पडली.

आता दिव्याकडे येऊ. चावी फिरवली की तो काही सेकंद, बऱ्याच गाड्यांत सहा-सात सेकंद, लागतो आणि विझतो. तेवढ्या वेळात मॉड्यूल स्वतःची आणि प्रत्येक स्फोटक भागाची तपासणी करतं, आणि नंतर गाडी चालू असतानाही ती चालू ठेवतं. प्रत्येक भागात ठिणगी देणारी एक अतिबारीक तार असते. तिचा रोध साधारण दोन ओहम. मॉड्यूल तिच्यातून अगदी किरकोळ प्रवाह सोडून तो रोध मोजत राहतं. उडवायचं असेल तेव्हा एक-दोन मिलिसेकंदांसाठी एक अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह सोडतं. याच कारणासाठी या वायरींना साधा मल्टिमीटर लावू नये असं प्रत्येक सर्व्हिस मॅन्युअल बजावतं. मोजायला गेलेल्याच्या हातातच भाग उडू शकतो.

प्रीटेन्शनर उडाला की ही तार बहुधा जळून तुटते. मॉड्यूलला 'सर्किट उघडं' दिसतं, ते मेमरीत दोष नोंदवतं आणि दिवा लावतं. स्कॅनरने नोंद पुसली तरी पुढच्या तपासणीत तोच रोध पुन्हा चुकीचा येतो आणि दिवा परत हजर. गॅरेजमधून निघताना विझलेला दिवा बऱ्याचदा पहिल्या सिग्नलपर्यंतही टिकत नाही, तो यामुळेच. पण कधीकधी जळालेल्या अवशेषांतून टोकं एकमेकांना चिकटलेली राहतात आणि रोध भलताच येतो. म्हणून नुसत्या मोजमापावर विसंबून चालत नाही. मॉड्यूल आणखी एक, वेगळी नोंद ठेवतं: अमुक भाग उडवण्याचा हुकूम दिला गेला.

ही दुसरी नोंद साध्या दोषासारखी नसते. सीटखालचा पिवळा कनेक्टर ढिला झाल्याने आलेला दोष कनेक्टर नीट बसवून पुसता येतो. धडकेची नोंद मात्र बहुतेक मॉड्यूलमध्ये कुलूपबंद होते आणि साध्या स्कॅनरच्या 'इरेज'ला दाद देत नाही. अमेरिकेत तर एअरबॅग उघडलेल्या अपघाताचा तपशील नंतरच्या घटनेने पुसला जाऊ नये, असा नियमच आहे. नोंद अशी कुलूपबंद ठेवण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. निर्मात्याला त्या मॉड्यूलची खात्री देता येत नाही. बॅटरी धडकेत तुटली तरी स्फोटकं उडवता यावीत म्हणून आत एक कपॅसिटर ऊर्जा साठवून ठेवतो, आणि उडवण्याचा प्रवाह काही इलेक्ट्रॉनिक स्विचमधून जातो. हे सगळं पुढच्या धडकेत पूर्ण जोराने चालेल का, हे खरोखर उडवून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तशी चाचणी गाडीत बसून कोण करणार? काही कंपन्या फक्त प्रीटेन्शनर उडाले असतील तर मॉड्यूल ठरावीक वेळा पुन्हा वापरायला परवानगी देतात, काही पहिल्याच धडकेनंतर बदलायला सांगतात. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल जे म्हणतं ते खरं.

चोरवाटाही इथूनच फुटतात. बाजारात मॉड्यूल 'रिसेट' करून देणारे आहेत. ते डबा उघडतात, आतल्या मेमरी चिपमधला मजकूर काढतात, धडकेची नोंद काढून टाकलेला मजकूर परत लिहितात. गाडी जोडल्यावर दिवा विझतो, म्हणजे काम झालं असं वाटतं. मॉड्यूलचं डोकं ठीक असेलही. पण हा प्रकार मेमरी साफ करतो, पिळलेला दांडा सरळ करत नाही आणि अपघाताचा पुरावाही घालवतो. मला विचाराल तर मी ते करून घेणार नाही. दुसरी वाट तर सरळ फसवणूक आहे: उडालेल्या प्रीटेन्शनरच्या कनेक्टरमध्ये दोन ओहमचा रेझिस्टर खोचायचा. किंमत काही रुपये. मॉड्यूलला हवा तो रोध दिसतो, त्याचं समाधान होतं, आणि बेल्टमागे काहीच नसतं. याहून जुनी युक्ती म्हणजे दिव्याची वायर दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडणं, म्हणजे तो त्याच्याबरोबर लागेल आणि विझेल.

लोक या वाटेला का जातात, तेही समजून घ्यायला हवं. 1 जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली, त्यामुळे ही यंत्रणा आता अगदी स्वस्त गाड्यांतही आहे. दुरुस्तीचा खर्च मात्र स्वस्त नाही. त्यात साध्या सर्वसमावेशक विम्यात एअरबॅगच्या किमतीवर 50 टक्के घसारा कापला जातो. झिरो-डेप घेतलेला असेल तरच ती झळ टळते. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरसमोर बेल्टचं नावच निघत नाही, कारण तो बाहेरून धडधाकट दिसतो. नंतर मागाहून तो मंजूर करून घेणं कठीण जातं.

म्हणून गाडी टोचन करून आणली त्याच दिवशी काही गोष्टी पाहाव्यात. दोन्ही पुढच्या सीटचे बेल्ट सावकाश ओढून पाहा. उडालेला बेल्ट बहुतेक वेळा एकाच जागी अडतो किंवा परत गुंडाळला जात नाही. काही गाड्यांत प्रीटेन्शनर बकलच्या बुडाशी असतो. तिथे एका सीटचं बकल दुसरीपेक्षा काही सेंटिमीटर खाली गेलेलं आणि त्याच्या रबरी आवरणाला चुण्या पडलेल्या दिसतात. बेल्टच्या पट्टीवर घासल्याची चकाकी किंवा वितळल्यासारखी रेघ असेल, तर ती धडकेत ताणली गेली आहे. अशी पट्टी प्रीटेन्शनर न उडताही बदलावी लागते.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी स्कॅनरने सगळे दोष वाचून अहवाल जपून ठेवायचा. बॅटरीची वायर काढून कपॅसिटर रिकामा होईपर्यंत थांबायचं. काही गाड्यांत दीड मिनिट, काहींत त्याहून जास्त, हेही मॅन्युअलच सांगतं. मग उडालेले बेल्ट, बकल, सांगितलं असेल तर समोरचे धडक-सेन्सर आणि मॉड्यूल बदलायचं. मॉड्यूलवर पुढची दिशा दाखवणारा बाण असतो. उलटं बसलं किंवा बोल्ट ढिले राहिले, तर त्याला धडकेची दिशा आणि जोर चुकीचा कळेल. भंगारातून आणलेल्या मॉड्यूलचा घोटाळा इथेच होतो. त्यात दुसऱ्या गाडीचा चॅसिस नंबर आणि कदाचित दुसऱ्याच अपघाताची नोंद असते, आणि सहा बॅगांच्या गाडीचं मॉड्यूल दोन बॅगांच्या गाडीत लावलं, तर नसलेल्या चार बॅगा शोधत ते दिवा लावूनच बसतं.

नवीन मॉड्यूलला गाडीची माहिती लिहावी लागते: चॅसिस नंबर, किती बॅगा, कोणत्या सीटला प्रीटेन्शनर. बॅटरी जोडताना गाडीत कुणी बसायचं नाही. मग इग्निशन चालू करून राहिलेले दोष पुसायचे, चावी बंद करून पुन्हा फिरवायची आणि परत स्कॅन करायचा. पुसण्याची पायरी शेवटी येते, कारण बदललेला प्रत्येक भाग मॉड्यूलने पुन्हा मोजून मान्य केला की नाही, हे तिथेच कळतं.

गाडी ताब्यात घेताना दोन्ही अहवाल मागा, दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा. नंतरच्या अहवालात मॉड्यूलचा चॅसिस नंबर तुमच्या आरसी बुकाशी जुळायला हवा, आणि बिलावर बेल्टचे भाग क्रमांक दिसायला हवेत. काढलेले जुने बेल्टही दाखवायला सांगा. मग स्वतः चावी फिरवा: दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर तो दिवाच काढून टाकलेला असू शकतो, म्हणून डॅशबोर्डवरच्या मीटरचं कव्हर उघडायला लावा.