ॲपला कॅमेरा का सापडत नाही?

नवीन आयपी कॅमेरा भिंतीवर बसला आहे, त्याचा दिवा स्थिर जळतो आहे, पण मोबाइलवरचे ॲप मात्र ‘डिव्हाइस सापडले नाही’ हेच सांगत राहते. अशा वेळी बहुतेक जण कॅमेरा रीसेट करतात किंवा तो सदोष समजून दुकानात परत नेतात. त्याआधी राउटरकडे विचारणा करावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण घरातल्या नेटवर्कवर कोण कोण हजर आहे याची यादी त्याच्याकडेच असते.

कॅमेऱ्याच्या मागच्या स्टिकरवर बारा अक्षरे-अंकांचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक, छापलेला असतो. तो टिपून घ्यावा आणि ब्राउझरमध्ये राउटरचे पान (बहुधा 192.168.1.1) उघडून जोडलेल्या उपकरणांच्या यादीत शोधावा. यादीत तो नसेल, तर कॅमेरा बहुधा वाय-फायला जोडलाच गेलेला नाही. याचे नेहमीचे कारण म्हणजे पुष्कळ घरगुती कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि आपण त्यांना ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कचे नाव दिलेले असते. राउटरवर दोन्हींची नावे वेगळी करून २.४ चे नाव आणि पासवर्ड द्यावा, एवढ्यावर हा प्रश्न सहसा मिटतो.

कॅमेरा यादीत आहे आणि तरीही ॲपला दिसत नाही, हा प्रकार अधिक चकवणारा आहे. ॲप एकाच नेटवर्कवरचे कॅमेरे शोधते तेव्हा त्याला कॅमेऱ्याचा पत्ता ठाऊक नसतो, म्हणून ते सगळ्यांना उद्देशून एक हाक देते. ओएनव्हीआयएफ हे मानक पाळणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ही हाक 239.255.255.250 या सामायिक पत्त्यावर, 3702 क्रमांकाच्या पोर्टवर जाते आणि ती ऐकणारा कॅमेरा आपला पत्ता कळवतो. परंतु घरगुती राउटर अशी हाक एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कमध्ये पुढे पाठवत नाही. तशी मुभा दिली तर प्रत्येक घरातली हाक बाहेर इंटरनेटवर फिरत राहील.

आता असे घर समजा, जिथे फायबर कंपनीने दिवाणखान्यात एक राउटर बसवला आहे आणि आतल्या खोलीत रेंज पोहोचत नाही म्हणून घरच्यांनी दुसरा राउटर विकत आणून त्याच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये पहिल्याची केबल जोडली आहे. कॅमेरा पहिल्या राउटरवर आहे, त्याचा पत्ता 192.168.1.64, मोबाइल दुसऱ्यावर आहे, त्याचा पत्ता 192.168.0.105. तिसरा आकडा वेगळा आहे, म्हणजे घर एक असले तरी नेटवर्क दोन आहेत. दुसऱ्या राउटरला जोडलेल्या लॅपटॉपवरून ही आज्ञा द्यावी:

```
ping 192.168.1.64
```

गंमत अशी की येथे बहुधा उत्तर येते, कारण पत्ता ठाऊक असेल तर आतल्या राउटरमागून बाहेरच्या नेटवर्कवर निरोप जाऊ शकतो. अडते ती फक्त हाक. म्हणूनच ॲपमध्ये हाताने पत्ता टाकण्याची सोय असेल, तर कॅमेरा लगेच जोडला जातो. उलट कॅमेरा आतल्या राउटरवर आणि मोबाइल बाहेरच्या राउटरवर असेल, तर पत्ता टाकूनही काही होत नाही, कारण आतला राउटर बाहेरून आलेली अनपेक्षित विचारणा अडवतो.

कायमचा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोड निवडणे. मग तो स्वतःचे वेगळे नेटवर्क न मांडता पहिल्याचेच नेटवर्क पुढे नेतो. त्यानंतर मोबाइलचे वाय-फाय बंद करून पुन्हा जोडावे आणि वाय-फायच्या तपशिलात पत्ता 192.168.1 ने सुरू होतो का, हे पाहावे. तसा झाला की ॲपच्या शोधात कॅमेरा दिसायला हवा.

पत्त्याचे पहिले तीन आकडे जुळूनही तो दिसला नाही, तर दोन जागा तपासाव्यात. मोबाइल किंवा कॅमेरा ‘गेस्ट’ वाय-फायवर नाही ना, कारण तेथे राउटर उपकरणांना एकमेकांशी मुद्दाम बोलू देत नाही. आणि आयफोन असेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिली आहे ना, आयओएस १४ पासून ती नसेल तर ॲपला स्थानिक नेटवर्कवर शोध घेता येत नाही आणि ॲप बहुधा त्याचे कारणही सांगत नाही.

कॅमेरा सापडल्यावर राउटरमध्ये त्याच्या मॅक अ‍ॅड्रेससाठी 192.168.1.64 हा पत्ता राखून ठेवावा. तसे न केल्यास वीज जाऊन आल्यावर कॅमेऱ्याला दुसराच पत्ता मिळू शकतो आणि हाताने पत्ता टाकून जोडलेले ॲप किंवा रेकॉर्डर जुन्याच पत्त्यावर कॅमेरा शोधत राहतो.