कोरड्या मापाचा कप, द्रव मापाचा जग आणि पीठ भरण्याच्या पद्धती

अमेरिकी पद्धतीच्या पाककृतींत घटक वजनाऐवजी कपाने मोजले जातात. त्यासाठी दोन वेगवेगळी भांडी असतात. कोरड्या मापाच्या कपाला काठापर्यंत भरून वरून सपाट करायचे असते. द्रव मापाचा जग पारदर्शक असून त्याला चोच व बाजूला रेघा असतात, आणि त्याची शेवटची रेघ काठाच्या बरीच खाली असते. कागदोपत्री दोन्हींची धारणक्षमता एकच आहे. अमेरिकी कप म्हणजे सुमारे २३७ मिलि., मग तो मैद्याचा असो वा दुधाचा. तरीही एकाच स्वयंपाकघरात या दोन भांड्यांनी मोजलेला ‘एक कप’ सारखा भरत नाही. फरक भांड्याच्या आकारमानात नसून ते भरण्याच्या व वाचण्याच्या रीतीत आहे.

कोरड्या कपात पाणी मोजायचे तर ते अगदी काठोकाठ भरावे लागते. असा कप ओट्यावरून पातेल्यापर्यंत नेताना हिंदकळतो, म्हणून माणूस नकळत थोडे कमीच भरतो. हे ‘थोडे’ किती असते ते तोंडाच्या रुंदीवर ठरते. तोंडाचा व्यास ८ सेंमी. असेल, तर पृष्ठभाग सुमारे ५० चौ. सेंमी. होतो आणि पातळी १ मिमी. खाली राहिली की ५ मिलि., म्हणजे एक चहाचा चमचा पाणी कमी पडते. ३ मिमी. कमी भरले की एक मोठा चमचा गेला. उलट, पृष्ठताणामुळे पाणी काठाच्या किंचित वर फुगूनही उभे राहू शकते आणि तेव्हा माप जास्त होते. जगात रेघेच्या वर मोकळी जागा असल्याने सांडण्याची भीती नसते. मात्र तो सपाट ओट्यावर ठेवून, डोळे रेघेच्या पातळीवर आणून वाचावा लागतो. पाण्याची कड काचेला चिकटून वर चढलेली दिसते. ती सोडून मधल्या खोलगट भागाची खालची पातळी रेघेशी जुळवावी. उभ्याने वरून पाहिल्यास समोरच्या रेघेपेक्षा पाणी जास्त आहे असे वाटते आणि प्रत्यक्षात कमी ओतले जाते. मोठ्या जगात पाव कप मोजणेही टाळावे, कारण रुंद तळाशी पातळीची तेवढीच चूक एकूण मापाचा मोठा हिस्सा होऊन बसते.

जगात पीठ मोजताना अडचण वेगळी येते. पिठाची पातळी आपोआप सपाट होत नाही. मधे उंचवटा राहतो, कडेला खळगे पडतात. रेघ वाचता यावी म्हणून जग हलवला किंवा ओट्यावर आपटला की पीठ खाली बसते आणि रिकाम्या झालेल्या जागेत आणखी पीठ मावते. कोरड्या कपाचा सगळा उपयोग इथे आहे: काठावरून सुरीची सरळ पाठ फिरवली की जास्तीचे पीठ निघून जाते आणि ते दाबण्याची गरजच उरत नाही. सपाट मापाचा हा आग्रह बॉस्टन पाकशाळेच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या पाककृतिग्रंथामुळे अमेरिकेत रुजला.

महाराष्ट्रात पायली, शेर, मापटे ही धान्याची मापेही आकारमानाचीच होती आणि ती सपाट भरायची की शीग लावून, यावर देणेघेणे ठरत असे. धान्यात तेवढाच प्रश्न होता. मैद्यात मात्र शीग काढल्यानंतरही प्रश्न उरतो, कारण कपाच्या आत पीठ किती घट्ट बसले आहे ते वरून दिसत नाही. मैद्याचे कण बारीक असून एकमेकांना धरून राहतात. त्यांच्यामधे हवा अडकते. हलक्या हाताने भरलेल्या कपात निम्म्याहून अधिक जागा हवेचीच असते. साखरेचे दाणे सुटे असतात, घरंगळून आपापल्या जागी बसतात. म्हणून पांढऱ्या साखरेचा कप कसाही भरला तरी २०० ग्रॅमच्या आसपास राहतो, मैद्याचा राहत नाही.

कप डब्यात खुपसून मैदा उचलला की कपाची कड पिठाला पुढे ढकलते आणि आतल्या आत दाबते. डब्याच्या बाजूला टेकवून भरल्यास हा दाब आणखी वाढतो. शिवाय वाहतुकीत व साठवणीत मैदा आधीच बसलेला असतो, तळाचा तर जास्तच. अशा कपात १४० ते १५० ग्रॅम, कधी त्याहूनही अधिक मैदा येतो. दुसऱ्या रीतीत डब्यातला मैदा आधी काट्याने किंवा चमच्याने उकरून मोकळा करतात, मग चमच्याने हलकेच कपात टाकत शीग येईपर्यंत भरतात आणि सुरीच्या पाठीने सपाट करतात. कप हलवायचा नाही, ठोकायचा नाही, चमच्याने दाबायचे नाही. अशा रीतीने १२० ते १२५ ग्रॅम भरतो. चाळलेला मैदा भरल्यास त्याहूनही कमी. म्हणूनच कृतीत ‘१ कप चाळलेला मैदा’ असेल तर आधी चाळून मग मोजावे आणि ‘१ कप मैदा, चाळून’ असेल तर आधी मोजावे.

फरकाचा परिणाम साध्या पावाच्या कणकेत स्पष्ट दिसतो. कृतीत ३ कप मैदा व १ कप पाणी आहे असे धरू. चमच्याने भरल्यास ३६० ग्रॅम मैद्याला २३७ ग्रॅम पाणी, म्हणजे मैद्याच्या सुमारे ६६ टक्के. कणीक मऊ, किंचित चिकट होते. खुपसून भरल्यास मैदा ४५० ग्रॅम होतो आणि तेच पाणी जेमतेम ५३ टक्के ठरते. ९० ग्रॅम मैदा, म्हणजे पाऊण कप, अनाहूत आला. ही कणीक मळताना फाटते, हाताला घट्ट लागते आणि पाव दडस होतो. केकमध्ये हीच चूक चमच्यावरून न ओघळणाऱ्या जाड मिश्रणात, वर फुटलेल्या घुमटात आणि कोरड्या, भुरभुरणाऱ्या कापात दिसते. अनेकदा दोष ओव्हनला दिला जातो, पण आधी मैदा तपासावा. भट्टीत जाण्यापूर्वी लक्षात आले तर चमचा-चमचा दूध किंवा पाणी घालून पावाची कणीक सावरता येते. केकमध्ये लोणी, साखर, अंडी यांचेही प्रमाण ढळलेले असल्याने नुसत्या दुधाने ते पूर्ववत होत नाही.

चमच्याने भरणे ही रीत अधिक भरवशाची आहे, पण प्रत्येक कृतीसाठी तीच बरोबर असे नाही. काही अमेरिकी लेखक व पाकशाळा कप खुपसूनच मोजतात आणि एक कप मैदा सुमारे १४० ग्रॅम धरतात. त्यांची कृती १२० ग्रॅमने केली तर मिश्रण पातळ होईल. म्हणून कृतीच्या सुरुवातीला किंवा शेवटी कपाचे वजन दिले आहे का ते पाहावे, आणि ग्रॅम दिले असतील तर कप बाजूला ठेवावा.

कपही सगळीकडे सारखा नाही. ऑस्ट्रेलियात तो २५० मिलि. असतो, जपानमध्ये २००. भारतात मिळणारे संच २४० किंवा २५० मिलि.चे असू शकतात. खात्री करायची तर कप वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि कप काठोकाठ पाण्याने भरावा. जितके ग्रॅम, जवळपास तितके मिलि. गिरणीतून दळून आणलेल्या कणकेला मैद्याचे आकडे लावू नयेत. कोंडा आणि दळणाची जाडी यांवर तिचे कपाचे वजन बदलते, म्हणून आपल्या डब्यातल्या कणकेचा एक कप एकदा तोलून आकडा टिपून ठेवावा. बेकिंग पावडर, सोडा, यीस्ट यांसारखे अगदी थोडे घटक मात्र सपाट चमच्यानेच मोजावेत, कारण एका ग्रॅमने पुढे सरकणारा घरगुती काटा दोन-तीन ग्रॅमवर विश्वासार्ह नसतो.