ओव्हन थर्मामीटर : ओटीजीतली गरम जागा आणि रॅकची निवड

ओव्हनच्या जाळीवर उभा राहणारा किंवा तिला लटकवता येणारा, डायल-काट्याचा छोटा थर्मामीटर. नॉबवर लिहिलेलं १८० आणि आतलं १८० हे एकच असेल असं नाही, शिवाय आतल्या चार कोपऱ्यांत चार वेगळी तापमानं असतात, ती कळावीत म्हणून हा वापरतात. इथे भर घरगुती ओटीजीवर, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल या विजेच्या छोट्या ओव्हनवर आहे कारण इंदूरच्या मराठी घरांत बेकिंग म्हटलं की तोच येतो, आणि उदाहरण नानकटाईचं घेतलंय. दिवाळीच्या आधी तूप-मैदा-साखर घेऊन बेकरीत जायचं नि डबे भरून आणायचे ही आठवण बऱ्याच घरांत आहे, पण त्या विटांच्या भट्टीचं गणित वेगळं, तिथे हा थर्मामीटर कुणी लावत नाही.

आतली यंत्रणा म्हणजे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी. एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि काटा फिरतो. पितळ-पोलादाच्या अशा पट्टीचं श्रेय साधारणपणे जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीला देतात, काळ अठराव्या शतकाचा मध्य, पण त्याने ती केली घड्याळासाठी, ओव्हनशी त्याचा काही संबंध नव्हता. स्वयंपाकघरात तापमान आकड्यात मोजणं बरंच उशिरा आलं, ब्रिटनमध्ये थर्मोस्टॅटवाले, म्हणजे ठरवलेलं तापमान आपोआप राखणारे गॅस ओव्हन १९२३ च्या आसपास दिसतात, त्याआधी मंद, मध्यम, कडक एवढंच असायचं आणि मैदा किंवा कागद किती वेळात तांबूस होतो यावरून अंदाज घ्यायचे.

थर्मामीटर खरा आहे की नाही हे कसं ओळखायचं यावर मतभेद आहेत. जुना उपाय साखरेचा : साखर साधारण १८६ अंशाला वितळते असं पुस्तकांत असतं, म्हणून फॉइलवर चमचाभर साखर १७५ ला पंधरा मिनिटं ठेवली तर ती तशीच राहावी आणि १९० ला वितळावी. यावर आक्षेप असा की साखरेला बर्फासारखा पक्का वितळणबिंदू नाहीच. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की तापवताना ती वितळण्यापेक्षा विघटन पावते, आणि किती अंशाला पातळ दिसेल हे किती भरभर तापवली यावर अवलंबून असतं, जास्त वेळ ठेवली तर खालच्या तापमानालाही पातळ होते. म्हणजे पंधरा मिनिटांची अट सोडली की चाचणी बिघडली. दुसरा उपाय उकळत्या पाण्याचा, पण डायलवाला थर्मामीटर पाण्यात बुडवायचा नसतो, हा उपाय टोकदार सळई असलेल्या प्रोबवाल्यासाठीच ठीक, आणि इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्यामुळे इथे पाणी सुमारे ९८ ला उकळतं, १०० ला नाही, हे धरायला हवं. खरं सांगायचं तर गरम जागा शोधायला यातलं काहीच अत्यावश्यक नाही, कारण एकच थर्मामीटर सगळीकडे फिरवला तर त्याची दहा अंशांची चूक सगळ्या आकड्यांत सारखीच येते आणि दोन जागांतला फरक जवळपास बरोबरच निघतो.

त्यापेक्षा मोठी फसगत काट्याच्या हलण्यात आहे. थर्मोस्टॅट हा तापणारे रॉड सतत मंद ठेवत नाही, तो ते पूर्ण चालू करतो नि पूर्ण बंद करतो, त्यामुळे आतलं तापमान सारखं वरखाली होत राहतं, आणि जाड डायलचा काटा त्याच्या मागे मागे चालतो, म्हणजे खरा झोका काट्याने दाखवला त्याहून मोठाच असतो. प्रीहीटचा दिवा पहिल्यांदा विझतो तेव्हा हवा तापलेली असते पण पत्रा नसतो, म्हणून मोजायचं ते वीस-पंचवीस मिनिटांनी, दिवा दोन-तीनदा लागून विझल्यावर, काच न उघडता, आणि सर्वात कमी नि सर्वात जास्त आकडा लिहून त्यांचा मध्य घ्यायचा. जागा बदलायला दार उघडलं की पुन्हा दोन फेऱ्या थांबायचं. पाच जागांना दीड तास सहज जातो.

एका २८ लिटरच्या ओटीजीचं उदाहरण. वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, पंखा बंद, नॉब १८० वर, मधला रॅक. तक्रार अशी की मागे डावीकडच्या नानकटाया कडेने तपकिरी आणि दाराजवळच्या पांढऱ्याफटक, घरात आधी दोष तुपावर गेला होता. मध्यभागी काटा १७६ ते १९४ फिरला, म्हणजे १८५. मागे डावीकडे २०२, मागे उजवीकडे १९४, पुढे डावीकडे १७७, पुढे उजवीकडे १७४. सर्वात गरम नि सर्वात थंड कोपऱ्यात २८ अंश! पुढची बाजू थंड असण्याचं कारण उघड आहे, काचेचं दार उष्णता सोडतं. डावं-उजवं का हे खात्रीने नाही सांगता येत, पण या ओव्हनचा थर्मोस्टॅट उजव्या भिंतीशी नॉबच्या मागे आहे आणि तो तिथलीच उष्णता ओळखतो.

नानकटाईला मध्यभागी १६५ हवंय आणि मध्य नॉबपेक्षा पाचने जास्त दाखवतो, म्हणून नॉब १६० वर. आता मागचा डावा कोपरा अंदाजे १८२ नि पुढचा उजवा १५४ येतो. सोळा मिनिटांच्या बेकमध्ये ट्रे अर्धा फिरवला की हे दोन कोपरे एकमेकांच्या जागी जातात आणि प्रत्येकाची सरासरी १६८ च्या जवळ येते. मात्र फिरवायचं आठव्या मिनिटाला नाही, नवव्या-दहाव्याला, हे नोंद लिहिणाऱ्याचं मत. पहिल्या मिनिटांत पृष्ठभाग ओला असतो म्हणून रंग फारसा चढत नाही, तो चढतो शेवटी, त्यामुळे शेवटची गरम पाळी छोटी असलेली बरी.

रॅकचं ठरवताना थर्मामीटर थोडं खोटं बोलतो, कारण रॉडची झळ थेट डायलवर पडते आणि काटा हवेपेक्षा वर जातो. याच ओव्हनच्या वरच्या रॅकवर २०६ आले होते, डायल आणि रॉडच्या मध्ये फॉइलचं छोटं छप्पर धरल्यावर १८८. मधला १८ चा फरक म्हणजे रॉडची झळ, आणि पदार्थाला वरून जे तांबूसपण येतं ते तिच्यामुळेच. खाली हेच उलट, बूड आधी भाजतं. नानकटाई बुटकी म्हणून मधला रॅक बरोबर. सात सेंटीमीटर उंच केकचा डबा मात्र त्याच रॅकवर ठेवला तर त्याचं डोकं वरच्या रॉडजवळ जातं, वरचा थर आधी कडक होतो नि मग फुटतो, म्हणून डबा एक रॅक खाली, असा की केकचा मध्य ओव्हनच्या मध्याशी येईल. रॅकचा नंबर पाठ करून भागत नाही.

हे सगळे आकडे रिकाम्या ओव्हनचे आहेत. भिंतीला भिंत लागेल एवढा मोठा ट्रे ठेवला की खालची हवा वर येत नाही आणि नकाशा बदलतो, चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडावी. पंखा चालू केला की पुन्हा मोजावं लागतं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं तर? २३० चं २०० झालं तरी रॉडची ताकद जवळपास एक चतुर्थांश घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, पण थर्मोस्टॅट त्याच आकड्याला बंद करत असल्यामुळे कोपऱ्यांचे आकडे साधारण तेच राहतात, फक्त प्रीहीटला जास्त वेळ लागतो.