बाजार पडला की एसआयपी थांबवायची का? बेळगाव-चिकोडीत या प्रश्नामागे काय आहे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात थोडी थोडी बचत करण्याची सवय पिग्मीने लावली. सोसायटीचा माणूस रोज दुकानात येतो, धंदा मंदा असला की शंभराऐवजी वीस रुपये दिले तरी चालतात. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेला हप्ता भरणे, आली ती या सवयीच्या पाठीवर बसूनच, पण ती हप्ता कमी करून घेत नाही. ठरलेल्या तारखेला खात्यातून रक्कम गेलीच पाहिजे. शहापूर-वडगावच्या मागवाल्याला किंवा उद्यमबागच्या फाउंड्रीतल्या कामगाराला बाजारापेक्षा आधी ही गोष्ट टोचते.

2008 च्या पडझडीबद्दल थोडक्यात. जानेवारीत सेन्सेक्स 21,000 च्या वर गेला होता, ऑक्टोबरअखेर तो 8,000 च्याही खाली टेकला. तेव्हा आपल्या भागात एसआयपी करणारे मोजकेच होते, त्यामुळे तो अनुभव गावोगावच्या आठवणीत फारसा नाही. आठवण आहे ती 2019-20 ची. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, दूधगंगा, घटप्रभेला महापूर आला, ऊस पाण्यात गेला, आणि सावरायला लागतो न लागतो तोच मार्चमध्ये लॉकडाउन. निफ्टी जानेवारी 2020 च्या उच्चांकावरून दोन महिन्यांत सुमारे 38 टक्के कोसळला. हप्ता काही काळ थांबवण्याची सोय काही फंडांकडे आधीपासून होती, पण लोकांना ती याच वेळी माहीत झाली. ज्यांनी एप्रिलपासून सहा महिने थांबवली, त्यांची एसआयपी परत सुरू झाली तेव्हा निफ्टी 11,000 च्या वर होता. नोव्हेंबरमध्ये तर जुना उच्चांकही पार झाला. म्हणजे नेमके स्वस्तातले हप्ते सुटले.

पण 2020 ची घसरण थोड्याच काळाची होती. खरा प्रश्न लांबलेल्या घसरणीचा आहे, आणि तिथे आकडे मांडून पाहिल्याशिवाय उमगत नाही. धरून चालू, दरमहा 5,000 रुपये जातात. फंडाच्या एका युनिटचा भाव 50 रुपयांपासून दरमहा दोन रुपयांनी उतरत बाराव्या महिन्यात 28 वर येतो आणि तितक्याच संथपणे चढत अठराव्या महिन्यात 40 होतो. म्हणजे दीड वर्षानंतरही भाव सुरुवातीपेक्षा 20 टक्के खालीच. एकाने एकही हप्ता चुकवला नाही. त्याचे 90,000 रुपये गेले, युनिट आले सुमारे 2,455, सरासरी खरेदी 36.66 रुपयांना पडली, आणि 40 च्या भावाने रक्कम झाली 98,200. दुसऱ्याने पाच हप्ते भरले, भाव 40 ला आल्यावर हात आखडला आणि परत 40 दिसल्यावरच सुरू केली. त्याचे 30,000 रुपये आज 26,800 आहेत आणि न भरलेले 60,000 बचत खात्यात, वर हजारेक रुपये व्याज. दोघांत फरक पडला दहा हजारांच्या आसपास. तो सगळा 38 ते 28 आणि परत 38 या टप्प्यातल्या हप्त्यांमुळे, म्हणजे जिथे मन सगळ्यात जास्त कचरते तिथल्या.

हे गणित एका अटीवर उभे आहे: भाव परत चढला पाहिजे. तो 28 वरच पडून राहिला, तर थांबणारा शहाणा ठरला असता. निर्देशांकावर किंवा बऱ्याच कंपन्यांत पसरलेल्या फंडात परत चढण्याची आशा बाळगायला जागा असते. एकाच क्षेत्राच्या फंडात ती तितकी नसते. 2007 च्या तेजीत पायाभूत सुविधांचे जे फंड विकले गेले, त्यांपैकी बरेच नंतर कित्येक वर्षे रखडले, बाजार सावरला तरीही. अशा फंडात एसआयपी असेल तर ‘थांबवू का’ यापेक्षा ‘फंड बदलू का’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

दुसरी मर्यादा एजंट क्वचितच सांगतात. सरासरीचा फायदा फक्त नव्या हप्त्यांना मिळतो, जुन्या रकमेला नाही. पहिल्या वर्षात असलेल्याला घसरण उपयोगी पडते. बारा वर्षे भरून दहा लाख साठलेल्याचे 30 टक्क्यांच्या घसरणीत तीन लाख कमी होतात, तिथे महिन्याचे 5,000 काय पुरणार? मुलीच्या लग्नाला किंवा घराला दोन वर्षे उरली असतील, तर हप्ता चालू ठेवणे-न ठेवणे गौण आहे. ती जमा रक्कम थोडी थोडी शेअरबाजारातून बाहेर काढायला घसरणीच्या आधीच सुरुवात झालेली असायला हवी होती.

आता 2024-25. सप्टेंबर 2024 मध्ये 26,000 ओलांडलेला निफ्टी ऑक्टोबरपासून सलग पाच महिने घसरला, लहान कंपन्यांचे शेअर त्याहून जास्त. याच काळात ‘स्टॉपेज रेशो’, म्हणजे नव्या एसआयपींच्या तुलनेत बंद झालेल्यांचे प्रमाण, हा आकडा मथळ्यांत आला आणि गोंधळ उडाला. जानेवारी 2025 मध्ये नव्या एसआयपी सुमारे 56 लाख, बंद झालेल्या 61 लाख, म्हणजे 109 टक्के. एप्रिलमध्ये तो जवळजवळ 300 टक्क्यांवर गेला. ‘लोक पळाले’ असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांतून तो फिरून अनेकांनी घाबरून हप्ते बंद केले.

त्या आकड्यात मुदत संपलेल्या एसआयपी बंद म्हणूनच धरल्या जातात. एक फंड सोडून दुसऱ्यात सुरू केली तर ती एकदा बंदमध्ये आणि एकदा नव्यात मोजली जाते. दोन हजारांची एसआयपी आणि पन्नास हजारांची, दोघी एकेकच. एप्रिलचा फुगवटा तर मुख्यतः नोंदींच्या साफसफाईचा होता: हप्ते येणे केव्हाच बंद झालेली खाती त्या महिन्यात हिशेबातून काढली गेली. पैशाकडे पाहिले तर जानेवारीत एसआयपीतून 26,400 कोटी आले, मार्चमध्ये 25,926 कोटी, एप्रिलमध्ये परत 26,632 कोटी. पळापळ म्हणावी असे यात काही नाही. तरीही जानेवारी ते मार्च नव्या एसआयपी महिन्यागणिक कमी झाल्या हे खरे, आणि बातमी व्हायला हवी होती ती याची.

थांबवणे, बंद करणे आणि हप्ता परत जाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबवली तर ठरलेले महिने संपल्यावर ती आपोआप सुरू होते. किती महिने आणि कितीदा थांबवता येते, हे प्रत्येक फंडाचे वेगळे असते, आणि अर्ज हप्त्याच्या तारखेच्या बरेच दिवस आधी द्यावा लागतो. बंद केली तर नव्याने नोंदवावी लागते. खात्यात शिल्लक नसेल तर फंड दंड करत नाही, बँक करते, आणि मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते परत गेले की ती रद्द होते. पुष्कळ जण ‘खात्यात पैसेच ठेवत नाही, आपोआप थांबेल’ असे करतात. त्यात दंडही भरतात आणि एसआयपीही गमावतात.

उसावर चालणाऱ्या घरात हप्ता अडतो तो बहुधा बाजारामुळे नाही, साखर कारखान्याकडून येणाऱ्या बिलामुळे. गाळप हिवाळ्यात, बिल त्यानंतर आणि तेही तुकड्यातुकड्याने, पण हप्ता मात्र दर महिन्याला. पावसाळ्यात खाते रिकामे असताना बाजारही पडलेला असला, तर थांबवण्याचे खापर बाजारावर फुटते. अशा घरासाठी बिल आल्यावर हंगामाची रक्कम लिक्विड फंडात टाकून तिथून दरमहा ठरावीक रक्कम इक्विटी फंडात वळवणे, म्हणजे एसटीपी, जास्त सोयीचे. दोन्ही फंड एकाच कंपनीचे असावे लागतात. लिक्विड फंडातून दर महिन्याला वळणारी रक्कम विक्रीच धरली जाते, तेव्हा तिच्यावरचा थोडासा नफा करासाठी दाखवावा लागतो.