कार्यपद्धती विभाग (घरगुती खाद्यव्यवसायाचा आराखडा)

व्यवसाय आराखड्याच्या या विभागात माल कुठून येतो, घरात किती बनतो, त्याचा दर्जा कसा सांभाळला जातो आणि कोणते परवाने लागतात हे लिहितात. बहुतेक जण पुरवठादारांच्या यादीपासून सुरुवात करतात. खरे तर सुरुवात क्षमतेपासून करावी, कारण खरेदी किती करायची आणि कायद्याच्या कोणत्या पायरीत बसायचे हे दिवसाला किती किलो माल तयार होतो यावर ठरते. दिवाळीसाठी भाजणीची चकली करून विकणारे घर येथे उदाहरणादाखल घेतले आहे.

समजा, कढईत एका घाण्याला 10 चकल्या बसतात, तळलेली चकली सरासरी 20 ग्रॅम भरते आणि तासाला 7 घाणे निघतात. पाच तास तळण चालले तर 350 चकल्या, म्हणजे 7 किलो माल होतो. दुसरी शेगडी लावली म्हणून हा आकडा दुप्पट होत नाही. एकच बाई सोऱ्या फिरवत असेल आणि तळणही तीच बघत असेल, तर अडते ते तिच्या हातांपाशी. आराखड्यात ही अडणारी जागा नेमकी कोणती ते लिहिणे सर्वांत महत्त्वाचे. 12 दिवसांत 84 किलो चकली होते. तुटकी-फुटकी वजा केली तर 75 किलोपेक्षा जास्त ऑर्डर घेऊ नये. आणखी हवी असेल तर सोऱ्यासाठी एक माणूस वाढवावा आणि चकल्या पसरून गार करायला जागा आहे का ते आधी मोजावे. गरम चकली पिशवीत भरली की आत वाफ धरते आणि ती मऊ पडते.

खरेदी याच आकड्यावरून निघते. एक किलो भाजणीची, मोहन आणि शोषलेले तेल धरून, अंदाजे 1.4 किलो चकली होते असे मानले तर 84 किलोला 60 किलो भाजणी लागेल. प्रत्येक घराने हे प्रमाण आपल्या एका घाण्याचे वजन करून स्वतः काढावे. डाळ-तांदूळ आणि तेलासाठी एक नेहमीचा आणि एक पर्यायी दुकानदार लिहावा. तेल सीलबंद डब्यातलेच घ्यावे आणि बिल जपून ठेवावे. पुष्कळदा विसरला जाणारा पुरवठादार म्हणजे पिठाची गिरणी. दिवाळीआधी तिथे रांग लागते, म्हणून दळणाची तारीख आधीच ठरवावी. गव्हानंतर लगेच भाजणी दळली तर गव्हाचे पीठ तिच्यात मिसळते. त्यामुळे चकलीत गहू घातला नसला तरी ‘ग्लुटेनमुक्त’ असे लेबलवर लिहिता येत नाही.

दर्जाच्या भागात ‘उत्तम गुणवत्ता’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. लिहायचे ते असे: रोजचे पीठ मळल्यावर पहिला घाणा चाखून पाहायचा. चकली तेलात विरघळू लागली तर मोहन जास्त झाले आहे आणि कडक निघाली तर कमी पडले आहे. तळणीचे तेल काळपट झाले, फेस धरू लागले किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरावू लागले की बदलायचे. तळताना तेल बिघडून त्यात जी ध्रुवीय संयुगे तयार होतात, त्यांची मर्यादा कायद्याने 25 टक्के ठरवली आहे, पण ते घरी मोजणे अवघड असल्याने तेल किती दिवस वापरायचे याचा ठाम नियम लिहावा. प्रत्येक दिवसाच्या मालाला बॅच क्रमांक द्यावा आणि त्यातली एक पिशवी राखून ठेवावी. टिकाऊपणाही अशाच पिशव्यांवरून काढतात. एका बॅचच्या पाच-सहा पिशव्या ठेवून दर आठवड्याला एक उघडायची. खवट वास येण्याच्या बऱ्याच आधीची मुदत लेबलवर टाकायची.

परवान्यांत पहिली येते ती अन्नसुरक्षा नोंदणी. 2011 च्या नियमावलीने लहान उत्पादकासाठी वर्षाला 12 लाख रुपयांची उलाढाल आणि, दूध व मांस सोडून इतर पदार्थांत, दिवसाला 100 किलो उत्पादन अशी मर्यादा ठेवली. तिच्या आत फक्त नोंदणी लागते, वर गेल्यास परवाना. या मर्यादा बदलू शकतात, म्हणून अर्जाच्या वेळी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस या नोंदणी संकेतस्थळावर चालू आकडे पाहावेत. आपल्या उदाहरणात रोजचे 7 किलो आणि, किलोला 500 रुपये धरले, तर 75 किलोचे 37,500 रुपये होतात. त्यामुळे नोंदणी पुरते. नोंदणीदाराला त्याच नियमावलीच्या शेड्यूल 4 चा पहिला भाग लागू होतो. त्यात पिण्यायोग्य पाणी, झाकलेला कचरा, आजारी व्यक्तीला कामापासून दूर ठेवणे अशा गोष्टी येतात.

घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर विक्रीसाठीच्या तळणाला वापरता येत नाही. त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च किमतीत धरावा. लेबलवर घटक, निव्वळ वजन, तारीख, बॅच आणि कमाल किंमत यांच्यासोबत 14 अंकी नोंदणी क्रमांक छापावा लागतो. म्हणून नोंदणीचा अर्ज पिशव्या छापायला देण्याआधी करावा आणि वेळापत्रकातही त्याच क्रमाने मांडावा.